बढती मागताना : सुनंदा आणि भाऊ यांच्या दोन चिठ्ठ्या

खांब आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या बैठकांत एक विषय सारखा निघतो. आपल्यातल्या कितीतरी जणी आता कामाला जातात. कुणी धाटावच्या कंपनीत पॅकिंगला, कुणी पेणकडे पापडाच्या उद्योगात, कुणी गणपतीच्या कारखान्यात. काही वर्षांनी हाताखाली चार नव्या बायका येतात आणि त्यांना शिकवायचं, त्यांचं काम तपासायचं, हिशेब ठेवायचा, हे सगळं आपल्याकडे येतं. काम वाढतं, पण हुद्दा आणि मजुरी तिथेच राहते. मग एक दिवस धीर करून विचारायला जावं, तर समोरून उत्तर येतं, "बजेट नाही." आपण "बरं" म्हणून परत फिरतो.

हे बोलणं कसं करायचं याचा सराव गटातच करता येतो. आज त्याची पद्धत सांगते. याला रोल-प्ले म्हणतात, पण आपल्या नाटुकलीपेक्षा ते थोडं वेगळं आहे. नाटुकलीत संवाद लिहिलेले असतात आणि शेवट ठरलेला असतो. इथे दोघींना एकेक चिठ्ठी मिळते. एकीच्या चिठ्ठीत काय आहे ते दुसरीला माहीत नसतं. शेवट काय होईल हे त्या दोघी बोलून ठरवतात. खऱ्या आयुष्यात तरी दुसरं काय असतं? आपल्याला मालकाच्या खिशाची कल्पना नसते आणि त्याला आपल्या घरची नसते.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

आधी प्रसंग ठरवू. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे ही गावं गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथून मूर्ती मुंबईला जातात, परदेशातही जातात. तशाच एका कारखान्याची आपण कल्पना करू. आपली सुनंदा तिथे रंगकाम करते. अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी काम असं सगळं तिला येतं. फक्त शेवटची डोळ्यांची आखणी एक वयस्कर कारागीर करतात. रंगखात्यात सुनंदा धरून तेरा बायका आहेत. आधीच्या मुकादमबाई दिवाळीनंतर काम सोडून गेल्या. तेव्हापासून कामाची वाटणी आणि तपासणी सुनंदाच करते, पण मस्टरवर तिचं नाव इतर बायकांबरोबरच आहे आणि मजुरीही तेवढीच, म्हणजे दिवसाला 500 रुपये. कारखान्याचा व्यवहार भाऊ पाहतात. ते मालक नाहीत, मालकांचे व्यवस्थापक आहेत. ज्येष्ठ लागला आहे. गणेश चतुर्थीपर्यंत कामाचे अंदाजे 90 दिवस उरले आहेत. सुनंदाने भाऊंकडे वेळ मागितली आहे.

सुनंदा, भाऊ आणि हे आकडे सरावासाठी घेतले आहेत. तुमच्या गावच्या दराप्रमाणे ते बदला. एवढा भाग मोठ्याने वाचायचा. पुढच्या दोन चिठ्ठ्या मात्र वेगवेगळ्या कागदांवर उतरवून, घडी घालून द्यायच्या.

सुनंदाची चिठ्ठी (फक्त सुनंदाने वाचायची)

तुला मुकादम व्हायचं आहे आणि 700 रुपये मजुरी हवी आहे. तुझ्याकडे एक वही आहे. माघापासून तुझ्या देखरेखीखाली 400 मूर्ती रंगून गेल्या आणि त्यातल्या फक्त 4 पुन्हा रंगवाव्या लागल्या, अशी नोंद तू तारखेनिशी ठेवली आहेस.

दुसऱ्या एका कारखान्याने तुला 580 रुपये देऊ केले आहेत. तिथे काम साध्या रंगकामाचं आहे, मुकादमीचं नाही. तो कारखाना लांब असल्याने रिक्षाला जाऊन-येऊन 40 रुपये लागतील, म्हणजे हातात 540 राहतील. म्हणून इथे 540 पेक्षा कमी मिळालं तर इथे राहण्यात तुझा तोटा आहे.

तुझ्या मनात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, मस्टरवर मुकादम म्हणून नाव लागावं, म्हणजे उद्या दुसरीकडे गेलीस तरी अनुभव दाखवता येईल. दुसरी, तुला डोळ्यांची आखणी शिकायची आहे. आखणी येणाऱ्या माणसाला कुठल्याही कारखान्यात मान असतो. पण हे मागितलं तर कारागीरकाकांना राग येईल, असं तुला वाटतं.

भाऊंची चिठ्ठी (फक्त भाऊ झालेल्या बाईने वाचायची)

सुनंदा गेली तर तुमचं मोठं नुकसान आहे. बाहेरून अनुभवी मुकादम आणायचा तर तो 700 रुपये मागतो, आणि त्याला बायकांचा हात ओळखीचा व्हायला महिना जाईल. पण मालकांनी बजावून सांगितलं आहे की चतुर्थीपर्यंत रंगखात्याची मजुरी दिवसाला 60 रुपयांपेक्षा जास्त वाढता कामा नये. कारण मूर्तींचे बरेचसे पैसे गणपतीच्या दिवसांत हाती येतात. तोवर रंग, माती, मजुरी सगळं कर्जावर चालतं. म्हणजे सुनंदाला तुम्ही जास्तीत जास्त 560 देऊ शकता.

तुम्हाला खरी भीती वेगळीच आहे. सुनंदाला वाढवलं की बाकीच्या बारा जणी येतील. प्रत्येकीला 20 रुपये वाढवले तरी दिवसाला 240 रुपये होतात.

गेल्या हंगामात 70 मूर्ती पुन्हा रंगवाव्या लागल्या. एका मूर्तीमागे 200 रुपये धरले तर 14,000 रुपये गेले. या वर्षी हा आकडा 20 च्या आत राहिला, तर हंगाम संपल्यावर मुकादमाला 10,000 रुपयांपर्यंत बक्षीस द्यायला मालक तयार आहेत. त्यांनी ते आपणहून सांगायला मात्र मना केलं आहे.

आखणी करणाऱ्या काकांची नजर आता कमी झाली आहे. त्यांनी स्वतःच तुम्हाला सांगितलं आहे की कुणीतरी हातचं माणूस तयार करा.

चिठ्ठ्या अशा का लिहिल्या आहेत

मैत्रिणींनो, इथे जरा थांबून दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहा, कारण सगळा सराव या चिठ्ठ्यांवरच उभा आहे. मजुरीच्या बाबतीत सुनंदाची खालची हद्द 540 आणि भाऊंची वरची हद्द 560. दोघांना जमेल अशी जागा फक्त 20 रुपयांची आहे. नुसत्या मजुरीवर बोललं तर सुनंदा 700 वर अडून बसेल, भाऊ हात वर करतील आणि बोलणं फिसकटेल.

पण चिठ्ठ्यांत आणखी तीन वाटा आहेत. पहिली वाट आखणीची. सुनंदाला शिकायचं आहे आणि काकांना शिकवायचं आहे. दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, पण कुणी विचारलं नाही तर ती शेवटपर्यंत झाकलेली राहते. दुसरी वाट मस्टरवरच्या नावाची. सुनंदाला त्याचं मोल मोठं आहे आणि कारखान्याला त्याचा खर्च नाही. उलट भाऊंची भीतीही तिथेच मिटते. सुनंदाची रंगकामाची मजुरी 500 च ठेवली आणि वरचे 60 रुपये "मुकादमीचा भत्ता" म्हणून लावले, तर बाकीच्या बारा जणींना सांगता येतं की रंगकामाचा दर सगळ्यांना सारखाच आहे, भत्ता वेगळ्या कामाचा आहे. तिसरी वाट वेळेची. भाऊंकडे आज पैसा नाही, पण गणपतीनंतर आहे. "बजेट नाही" या दोन शब्दांत "आज नाही" आणि "कधीच नाही" असे दोन वेगळे अर्थ असू शकतात, आणि कुठला अर्थ खरा हे विचारल्याशिवाय कळत नाही.

1981 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी वाटाघाटींवर एक पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. माणूस तोंडाने जे मागतो त्याच्या मागे त्याची गरज असते, ती शोधावी. आणि बोलायला जाण्याआधी, जमलं नाही तर आपल्याकडे दुसरा मार्ग कोणता हे पक्कं ठरवावं. सुनंदाच्या चिठ्ठीतला 580 चा कारखाना हा तिचा दुसरा मार्ग आहे. त्यातून रिक्षाचे 40 रुपये वजा करायला मात्र विसरू नका. पुष्कळ जणी बाहेरचा आकडा मोठा दिसतो म्हणून भाळतात आणि जाण्यायेण्याचा खर्च, वेळ, जेवणाचे हाल हिशेबात धरत नाहीत.

सराव कसा घ्यायचा

गटात बारा जणी असतील तर तीन-तीनच्या चार टोळ्या करा. एक सुनंदा, एक भाऊ आणि एक निरीक्षक. चिठ्ठी वाचायला 10 मिनिटं द्या. ज्यांना वाचन जमत नाही त्यांना बाहेर नेऊन कानात वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून एकदा परत म्हणवून घ्या. मग चारही टोळ्यांनी एकाच वेळी 15 मिनिटं बोलायचं. शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून 20 मिनिटं चर्चा करायची.

नियम तीनच आहेत. चिठ्ठी दाखवायची नाही. चिठ्ठीतली गोष्ट सांगायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण विचारल्यावर खोटं सांगायचं नाही. "ते मी आत्ता सांगू शकत नाही" असं म्हणता येतं. आणि चिठ्ठीत नसलेली गोष्ट रचायची नाही. "मला 900 ची नोकरी आली आहे" असं सुनंदाने ठोकून दिलं तर सराव तिथेच मोडतो. खऱ्या व्यवहारातही असं खोटं टिकत नाही. कारखानदार एकमेकांना ओळखतात, एका फोनवर सगळं कळतं.

निरीक्षकाने मधे बोलायचं नाही. तिने कागदावर तीन नोंदी करायच्या. पहिला पैशाचा आकडा कुणी आणि कितव्या मिनिटाला काढला. कुणी किती प्रश्न विचारले. आणि मजुरी सोडून दुसऱ्या कुठल्या गोष्टी बोलण्यात आल्या.

हे बोलणं आता तुम्ही सगळ्यांनी ऐकलं किंवा वाचलं आहे, तेव्हा चिठ्ठ्या गुप्त कशा राहणार? म्हणून गटाच्या ताईने आकडे बदलायचे. तुमच्याकडची खरी मजुरी घ्या आणि सुनंदाची हद्द, भाऊंची हद्द, बक्षीस हे सगळं आपल्या मनाने नव्याने ठरवा. आखणीच्या जागी तुमच्या कामातलं एखादं कौशल्य घाला, मशीन चालवणं, बिलं करणं, काहीही. फक्त एक पाहा, दोन्ही हद्दींच्या मधे थोडी जागा राहिली पाहिजे.

पहिल्यांदा बहुतेक काय होतं

पहिल्या खेपेला बोलणं बहुतेक असं होतं.

सुनंदा : भाऊ, सहा वर्षं झाली मला इथे. आता मजुरी वाढवा. महागाई किती झाली आहे.

भाऊ : अगं, महागाई मलाही आहे. या वर्षी बजेट नाही.

सुनंदा : सगळं काम मीच करते. बाकीच्यांना विचारा.

भाऊ : सगळ्याच तसं म्हणतात. बघू गणपतीनंतर.

सुनंदा : बरं.

अर्ध्या मिनिटात संपलं. यात सुनंदाने एकही प्रश्न विचारला नाही. वही काढली नाही. आणि "बघू गणपतीनंतर" हा शब्द ऐकून ती उठली. खरं तर भाऊंनी तिथेच दार किलकिलं केलं होतं. गणपतीनंतर काहीतरी आहे, हे त्यांच्या तोंडून गेलं होतं. "गणपतीनंतर म्हणजे नक्की काय, भाऊ?" एवढं विचारलं असतं तर बोलणं पुढे गेलं असतं.

दुसऱ्यांदा असं करून पाहा

सुनंदा : भाऊ, वेळ दिलीत, बरं झालं. मुकादमीबद्दल बोलायचं आहे. ही वही आधी बघा. माघापासून माझ्या देखरेखीत 400 मूर्ती गेल्या. चारच परत रंगवाव्या लागल्या. गेल्या हंगामात किती झाल्या होत्या?

भाऊ : (वही चाळत) गेल्या वेळी पुष्कळ. सत्तर झाल्या.

सुनंदा : त्याचा खर्च किती आला?

भाऊ : चौदा हजारांच्या घरात गेला. आणि ट्रक खोळंबला तो वेगळा.

सुनंदा : तेच काम मी आता बघते आहे. मस्टरवर मुकादम म्हणून नाव लागावं आणि मजुरी 700 व्हावी, असं माझं म्हणणं आहे.

भाऊ : सातशे? अगं सुनंदा, शक्य नाही. बजेटच नाही.

सुनंदा : (थोडं थांबून) बजेट नाही म्हणजे आत्ता नाही, की या कामाला तेवढे द्यायचेच नाहीत?

भाऊ : तसं नाही. तुझं काम चांगलं आहे. पण मूर्तींचे पैसे येतात गणपतीत. तोवर सगळं कर्जावर चाललंय. आणि तुला वाढवलं की बाकीच्या बारा जणी दारात उभ्या राहतील. त्यांना काय सांगू?

सुनंदा : मग रंगकामाची मजुरी सगळ्यांसारखीच 500 राहू दे. मुकादमीचा भत्ता वेगळा लावा. उद्या दुसरी कुणी मुकादम झाली तर तिला मिळेल. कामाचा भत्ता आहे, माणसाचा नाही.

भाऊ : हं. तसं करता येईल. पण 200 भत्ता नाही जमायचा. चाळीस देतो.

सुनंदा : भाऊ, मला दुसरीकडे 580 देतायत. मला जायचं नाही, काम इथलं आवडतं. पण 540 ला मला परवडायचं नाही.

भाऊ : साठ. त्याच्या वर मालक मला उभं करणार नाहीत, खरं सांगतो.

सुनंदा : ठीक आहे, आत्ता 60. आता गणपतीनंतरचं बोलू. गेल्या वर्षी 14,000 फुकट गेले म्हणालात. या वर्षी परत रंगवायच्या मूर्ती 20 च्या आत ठेवल्या, तर जे वाचेल त्यातलं मला काय?

भाऊ : (हसून) हिशेब करून आलीस. आठ हजार देतो.

सुनंदा : दहा.

भाऊ : नऊ. आणि 20 च्या वर गेल्या तर काही नाही.

सुनंदा : चालेल. पण मूर्ती गाडीत चढवताना आपटली, पावसात भिजली, ती माझ्या खात्यात धरायची नाही. रंग चुकला तरच. आणि अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवसांत पैसे.

भाऊ : मान्य.

सुनंदा : आणखी एक विचारायचं होतं, भाऊ. काकांना राग येणार नसेल तर मला आखणी शिकायची आहे.

भाऊ : राग? अगं, ते स्वतःच म्हणत होते की कुणाला तरी तयार करा. सोमवारपासून दुपारनंतर एक तास बस त्यांच्याकडे.

सुनंदा : मग हे सगळं एका कागदावर लिहू या का? तुमची सही, माझी सही. पुढच्या हंगामाच्या आधी मजुरीचं परत बोलायचं, तेही लिहू.

हिशेब मांडून पाहू

सुनंदाला 700 मिळाले नाहीत, मग ती हरली का? फळ्यावर मांडा. तिची मागणी दिवसाला 200 वाढीची होती. 90 दिवसांचे 18,000 रुपये. तिला मिळाले भत्त्याचे 60 प्रमाणे 5,400 आणि बक्षीस 9,000, एकूण 14,400. दिवसाला 160 वाढ झाली, म्हणजे सरासरी मजुरी 660 पडली. शिवाय नाव लागलं आणि आखणी शिकायला मिळाली. भाऊंनीही मालकांची हद्द ओलांडली नाही. चतुर्थीपर्यंत दिवसाला 60 च जातात आणि बक्षीस 10,000 च्या आत आहे.

पण एक फरक नीट ध्यानात घ्या. 5,400 रुपये आठवड्याच्या आठवड्याला हातात येतात. 9,000 रुपये हा शब्द आहे. म्हणून सुनंदाने मोजमाप कसं होणार, कुठली मूर्ती धरायची नाही आणि पैसे कधी मिळणार, या तिन्ही गोष्टी पक्क्या केल्या. त्यातली एक जरी सुटली तर भाद्रपदात भांडण होतं.

चर्चेत काय पाहायचं

चारही टोळ्यांची उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. चिठ्ठ्या सारख्याच असताना एकीला 540, एकीला 560 आणि बक्षीस, एकीचं काहीच नाही, असे निकाल दिसतील. मग निरीक्षकांच्या नोंदी वाचा. जिथे प्रश्न जास्त, तिथे आखणी आणि बक्षीस बाहेर आलं का, हे तुमचं तुम्हालाच पडताळता येईल. आता दोघींनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. "अगो बाई, एवढं होतं तुझ्याकडे?" असं कुणीतरी म्हणतंच. शिकण्याचा क्षण तोच आहे, त्याला घाई करू नका.

एखाद्या टोळीचं पाच मिनिटांत सगळं गोडीगुलाबीने जमलं तर समजा की भाऊ झालेली बाई मैत्रिणीला सांभाळून घेते आहे. तिला सांगा की मालकांना रात्री हिशेब द्यायचा आहे. आणि पुढच्या खेपेला भूमिका बदला. भाऊंच्या खुर्चीत बसल्यावर कळतं की "नाही" म्हणणाऱ्यालाही कुणाचा तरी धाक असतो.

एकदा मुद्दाम न जमणारी चिठ्ठी द्या. भाऊंची हद्द 520 करा, बक्षीस काढून टाका, सुनंदाची 540 तशीच ठेवा. इथे बरोबर उत्तर "जमत नाही" हेच आहे. जी जोडी न भांडता, "हंगाम संपेपर्यंत विचार करा, मी अमुक तारखेपर्यंत थांबते" असं म्हणून उठते, तिने सराव बरोबर केला.

चर्चेत एक प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. बाहेरच्या मुकादमाला 700 द्यावे लागतात, मग सुनंदाला कमी का? त्याचं उत्तर असं की घासाघीस कुठे चालते आणि कुठे नाही याला कायद्याची सीमा आहे. किमान वेतन हे बोलून कमी करायची गोष्ट नाही. आणि सारख्या कामाला बाईला बाई म्हणून कमी मजुरी देता येत नाही. 1976 साली समान मोबदल्याचा कायदा झाला, तोच विषय पुढे 2019 च्या वेतन संहितेत आला. उद्या त्याच कारखान्यात तेच मुकादमीचं काम करणाऱ्या पुरुषाला जास्त दिलं, तर सुनंदाने विनंती करायची नाही, हक्काने विचारायचं. म्हणूनच मस्टरवर हुद्दा लागणं महत्त्वाचं. कागदावर ती रंगकाम करणारी बाई असेल तर तिचं काम मुकादमाच्या कामासारखं होतं, हे ती दाखवणार कशी?

पुढच्या बैठकीला दोन कोरे कागद घेऊन बसा आणि तुमच्यातल्या जिला खरोखर बढती मागायची आहे तिची चिठ्ठी आधी लिहा. तिची मागणी, तिची खालची हद्द, तिच्याकडची नोंद, आणि पैशाशिवाय तिला काय हवं आहे. मग सगळ्यांनी मिळून तिच्या साहेबाची चिठ्ठी अंदाजाने लिहायची. त्याला कुणाची भीती आहे, त्याच्याकडे पैसा कधी येतो, त्याची कुठली अडचण ती सोडवू शकते. त्या दुसऱ्या चिठ्ठीत जिथे जिथे "माहीत नाही" असं लिहावं लागेल, ते तिने साहेबाला विचारायचे प्रश्न आहेत. तेवढे प्रश्न घेऊन तिला जाऊ द्या.